लाटेची बाजू

आमच्या ज्युनिअर कॉलेजातला फिजिक्सचा दुसरा शिक्षक म्हणजे मी, आणि पहिले शिक्षक म्हणजे माझेच सर. बारावीला मी त्यांच्याच हाताखाली शिकले, पुढं सोलापूरला एम.एस्सी. करून उमरग्याला परत आले आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. मुलांसमोर ते मला ‘मॅडम’ म्हणत. मुलं गेली की लगेच ‘अगं, तो चहा घे, गार होतोय’ यावर येत. स्टाफरूमची खिडकी हायवेकडं उघडते. हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकच्या आवाजात बोलायची सवय लागल्यामुळं आम्ही दोघंही घरी गेलो तरी मोठ्यानंच बोलायचो. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, म्हणायच्या, “तुमची दोघांची खासगी बोलणी अख्ख्या गल्लीला पाठ आहेत.”

सरांचं एक लेक्चर आमच्या भागात प्रसिद्ध होतं. फोटोइलेक्ट्रिक इफेक्टचं. लोहाऱ्याकडची काही पोरं आपलं कॉलेज बुडवून ते ऐकायला यायची. धातूवर प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, एवढी साधी गोष्ट. पुस्तकात ती चार पानांत संपते. सर तिला दोन दिवस लावायचे.

पहिल्या दिवशी ते लाटेची बाजू घ्यायचे. अगदी वकिलासारखी. प्रकाश ही लाट आहे, हे तुम्ही मागच्या धड्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणायचे. दोन फटींमधून गेलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, काळे-उजळ पट्टे पडतात, ते लाटेशिवाय शक्य आहे का? नाही. मग आता लाट धातूवर आदळली की काय होईल, तुम्हीच सांगा. आणि मुलंच सांगायची. लाट सतत ऊर्जा देत राहते. इलेक्ट्रॉन ती थोडी थोडी साठवत राहतो. पुरेशी साठली की बाहेर पडतो. “रांजणात चुळकाभर पाणी पडत राहिलं तर रांजण भरणार का नाही?” सर विचारायचे. “भरणार!” अख्खा वर्ग ओरडायचा. मग फळ्यावर ते तीन गोष्टी लिहायचे. कुठल्याही रंगाचा प्रकाश चालेल, फक्त तो भरपूर हवा. प्रकाश मंद असेल तर वेळ लागेल. आणि प्रकाश जितका जोरदार, तितका इलेक्ट्रॉन जास्त वेगानं बाहेर येईल. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. सर खडू ठेवायचे आणि म्हणायचे, “उद्या प्रयोगशाळेत या.” बस्स. एवढंच.

दुसऱ्या दिवशी ते हे सगळं मोडायचे. मीही बारावीत असताना त्या पहिल्या दिवशी लाटेवर विश्वास ठेवून घरी गेले होते आणि दुसऱ्या दिवशी अक्षरशः हिरमुसले होते. आपण इतकं बरोबर बोललो आणि निसर्गानं ऐकलं नाही, असं वाटलं होतं.

प्रयोगाला त्यांनी स्वतः जमवलेली सामग्री होती. काचेच्या बरणीतला इलेक्ट्रोस्कोप, म्हणजे बुचातून आत सोडलेली धातूची दांडी आणि तिच्या टोकाला दोन पातळ सोनेरी पानं. वरती जस्ताचा पत्रा, पॉलिशपेपरनं घासून चकचकीत केलेला, कारण जस्तावर थोड्या दिवसांत पापुद्रा बसतो आणि मग प्रयोग फसतो. पीव्हीसी पाइपचा तुकडा घोंगडीवर घासायचा, पत्र्याला लावायचा. पत्र्यावर ऋण भार आला की खाली पानं एकमेकांपासून लांब होतात. आणि दिवा म्हणजे पाण्याच्या फिल्टरमधली यूव्ही नळी. गावातल्या फिल्टर दुरुस्तीवाल्याकडून आणून सरांनी ती लाकडी पेटीत बसवली होती. पेटीला एकच फट ठेवलेली, तीही पत्र्याकडं. कुणी नळीकडं डोळे करून बघू नये म्हणून ते प्रत्येक वेळी ओरडायचे.

आधी साधा दोनशेचा बल्ब. पत्र्यापासून हातभर अंतरावर. खोलीत लख्ख उजेड, पत्रा गरम होतोय, पानं मात्र जागची हलत नाहीत. मग बल्ब बंद आणि फिल्टरची नळी सुरू. तिचा निळसर उजेड डोळ्याला काहीच वाटत नाही इतका मंद. आणि पानं मिटायला लागायची, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटून पत्र्यावरचा भार उतरत होता. लगेच. थांबणं नाही, साठवणं नाही. मध्ये साधी काच धरली की पानं मिटायची थांबत, कारण काच ती अतिनील किरणं अडवते. काच काढली की पुन्हा मिटायला सुरुवात. मुलं ‘आँ’ करायची.

मग सर सांगायचे. प्रत्येक धातूला एक उंबरा असतो. प्रकाशाची वारंवारता त्या उंबऱ्याच्या खाली असेल तर कितीही उजेड पाडा, एकही इलेक्ट्रॉन बाहेर येत नाही. प्रकाश पुड्यांमध्ये येतो. एक इलेक्ट्रॉन एका वेळी एकच पुडी घेतो. पुडीत किती ऊर्जा आहे, हे रंगावर ठरतं, वारंवारतेवर ठरतं. उजेड वाढवला म्हणजे पुड्या वाढल्या, पुडी मोठी झाली नाही. बल्बच्या पुड्या जस्तासाठी छोट्या पडतात. दोन छोट्या पुड्या जोडून एक मोठी करायची सोय इथं नाही. पुडी पुरेशी मोठी असेल तर इलेक्ट्रॉन त्या क्षणी सुटतो आणि सुटण्यात जेवढी ऊर्जा खर्च झाली ती वजा जाऊन उरलेली घेऊन पळतो. म्हणून त्याचा वेग उजेडावर नाही, रंगावर अवलंबून. हे लाटेच्या हिशेबात कुठंच बसत नाही. फळ्यावरच्या आदल्या दिवशीच्या तिन्ही ओळी ते एकेक करून पुसायचे.

शेवटची काही वर्षं तर मीही मागच्या बाकावर जाऊन बसायची.

त्या वर्षी श्रावणात एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली. बारावीची. घरी मेंढरं, वडील कर्नाटकाच्या हद्दीत कळप घेऊन फिरायचे, ही मामाकडं राहून शिकत होती. वर्गात कमी बोलायची, पण बोलली की नेमकं. सर तेव्हा तासावर होते.

“मॅडम, एक विचारू? सर कालपण लाटच शिकवत होते.”

“मग? पहिल्या दिवशी लाटच असते.”

“पहिला दिवस मागच्या आठवड्यात झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमी लॅबमधी गेलो तर सर म्हणले, वर्गात बसा. आन परत तेच सुरू केलं. रांजण, चुळका, सगळं. काल परत तेच. पोरं हसायलीत. मला नाही हसू येत.”

मी तिला म्हटलं, सर नीट समजावं म्हणून परत घेत असतील. ती ‘बरं’ म्हणाली आणि गेली. तिला ते पटलं नव्हतं, आणि मलाही. कारण आठवडाभरात मी काही काही बघत होते आणि त्याची एकत्र मोळी बांधायची टाळत होते. सर हजेरीला दुसऱ्या वर्गात जाऊन उभे राहिले होते. चहा पिऊन झाल्यावर चहा मागवला होता. एका सकाळी मला म्हणाले होते, “तुझी फी भरली का?” मी गंमत समजून हसले, तेही हसले, पण माझ्याकडं बघून मग हसले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. काकू दारातच तुळशीपाशी बसल्या होत्या. आत सर टीव्हीवर बातम्या बघत होते. मी काही विचारायच्या आधीच काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, “तुला कळलं ना?”

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून. हे भाजी आणायला गेले आणि यांना घर सापडेना. कुणीतरी आणून सोडलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी फोटो काढले मेंदूचे. विसरायचा आजार आहे म्हणाले. वाढतच जाणार.” त्या पदरानं हात पुसत राहिल्या. “कॉलेजात सांगू नको म्हणतात. म्हणतात, वर्गात मला सगळं आठवतं. खरं आहे का गं?”

मी “हो” म्हणाले. एका परीनं ते खरंही होतं. लाटेची बाजू त्यांना शब्दन्‌शब्द आठवत होती. दुसरा दिवसच तेवढा गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, सर, आज प्रयोग करू या. मुलं वाट बघतायत. मी मांडणी करते, तुम्ही बोला. ते खूश झाले. मी मनात ठरवलं होतं, बल्ब लावला, नळी लावली, पानं मिटली की त्यांना आपोआप सगळं आठवेल. हातांना लक्षात असतं म्हणतात ना, तसं.

प्रयोगशाळेचे काळे पडदे ओढले. मुलं टेबलाभोवती गोळा झाली. मी पत्रा घासला, सरांनी पाइप घोंगडीवर घासला आणि पत्र्याला लावला. पानं फाकली. त्यांचा हात एकदाही चुकला नाही. मला धीर आला. बल्ब लावला. मी फिल्टरच्या पेटीकडं हात नेला, तेव्हा ते म्हणाले, “घाई करू नका मॅडम. वेळ द्यावा लागतो.”

“सर?”

“ऊर्जा साठू द्या. लाट चुळका चुळका देते.” ते स्टूल ओढून इलेक्ट्रोस्कोपसमोर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे पानांवर.

मुलं माझ्याकडं बघत होती. बल्बच्या उजेडात सरांचं कपाळ चमकत होतं. पानं तशीच होती. पुष्कळ वेळ गेला. कुणीतरी खुसखुसलं आणि कुणीतरी त्याला कोपर मारलं. मी बोलणार, तेवढ्यात मला दिसलं की पानं जवळ यायला लागलीत. अगदी हळू. आधी मला भास वाटला. मग सगळ्यांनाच दिसलं.

“बघा!” सर उठलेच. त्यांचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू. “बघितलंत? वेळ लागतो. पण निघतात! उजेड साधा असला तरी निघतात!”

मला कारण माहीत होतं. श्रावणातली दमट हवा. ओलाव्यानं बरणीच्या बुचावर पातळ थर बसतो आणि भार त्यावरून गळून जातो. बल्बचा काही संबंध नसतो. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. म्हणूनच ते दर पावसाळ्यात प्रयोगाआधी बूच हेअर ड्रायरनं सुकवायचे. त्या दिवशी ते सुकवायचं त्यांच्या लक्षात नव्हतं, आणि त्यांच्याकडंच बघत राहिल्यामुळं माझ्याही नव्हतं.

समोर बोर्डाच्या परीक्षेला बसणारी मुलं होती आणि शेजारी आयुष्यात बहुतेक शेवटचा प्रयोग करणारे माझे सर होते. मुलांना नंतर वेगळं बोलावून सांगता येईल, असं मी मनातल्या मनात जुळवत होते.

तेव्हा ती मेंढपाळाची मुलगी म्हणाली, “सर, दिवा बंद करून परत बघायचं का?”

ती घाबरली नव्हती, उद्धटही नव्हती. तिनं पुढं एवढंच म्हटलं, “तुमीच म्हणता ना, ज्याच्यामुळं झालं म्हणायलो ते काढून बघायचं. तरी झालं, तर त्याच्यामुळं नव्हतं.”

सर तिच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, “बरोबर आहे. कर.”

तिनं पाइप घासला, पत्र्याला लावला, पानं फाकली. सरांनी स्वतः बल्ब बंद केला. पडद्याच्या कडेनं येणाऱ्या उजेडाच्या पट्टीत पानं कशीबशी दिसत होती. पत्रा अंधारात होता. मी देवाला न मानणारी बाई, पण पानांनी हलू नये असं मला फार वाटत होतं.

पानं मिटत गेली. मघाशी जशी मिटली होती तशीच, तेवढ्याच धिमेपणानं.

“अंधारात,” सर म्हणाले. मग जरा वेळानं, “अंधारातपण.”

त्यांनी बरणीच्या बुचाला बोट लावलं, ते बोट अंगठ्यावर घासून बघितलं. त्यांना ओलावा कळला. तेवढ्यानं काहीतरी जागं झालं असावं. ते माझ्याकडं वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, जरा बाहेर या.”

व्हरांड्यात आलो. खाली मैदानात अकरावीची मुलं कबड्डी खेळत होती.

“मी काल काय शिकवलं?”

“लाटेची बाजू, सर.”

“परवा?”

मी खालच्या खेळाकडं बघितलं. त्यांनी वाट बघितली.

“तीच.”

“त्याच्या आधी?” मग त्यांनीच हात वर केला. “राहू दे. नको सांगू.” कठड्याला धरून ते मैदानाकडं बघत राहिले. “मला दुसरा दिवस आठवत नाही. आहे एवढं कळतंय. पुढं काहीतरी आहे, मी ते सांगायचो, मुलं आँ करायची. पण तिथं गेलं की पायरीच नाही.”

“सर, आपण दोघं मिळून घेऊ. मी शेजारी उभी राहते.”

“नको. मुलांना मी खोटं सांगून बसलो असतो आज. ती पोरगी होती म्हणून.” त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “जा. पुढचं तू शिकव. आणि पूर्ण शिकव. अर्धवट ठेवू नको.”

“तुम्ही आत येता?”

“येतो ना. मागं बसतो.”

मी हेअर ड्रायर आणून बूच सुकवलं, पाइप घासून पानं परत फाकवली. बल्ब लावला, पानं ढळली नाहीत. नळी लावली, ती मिटली. काच धरली, थांबली. मी उंबरा सांगितला, पुडी सांगितली, पुडीतून सुटण्याची किंमत वजा जाते ते सांगितलं. लाटेनं रांजण भरला असता, पण इथं रांजण नाहीच, हेही सांगितलं. सर मागच्या स्टुलावर बसून ऐकत होते. पानं मिटली तेव्हा मुलांबरोबर त्यांच्याही तोंडातून ‘आँ’ निघालं. कुणी हसलं नाही.

तास संपल्यावर ती मुलगी माझ्याजवळ आली. डोळे भरलेले. “मॅडम, मी चुकले का?”

“नाही गं.”

“मला वाटलं सरांनी मुद्दाम केलंय. परीक्षा बघायला. म्हणून बोलले.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्याच आठवड्यात सरांनी स्वतः प्राचार्यांना जाऊन सांगितलं आणि रजा टाकली. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता, तो रजेतच गेला. निरोपाचा कार्यक्रम करायचा विषय निघाला तेव्हा काकूंनी नको म्हटलं. पुढं घर भाड्यानं देऊन ती दोघं सोलापूरला लेकीकडं राहायला गेली.

मी अधूनमधून जायची. पहिल्या खेपेला त्यांनी मला ओळखलं. दुसऱ्या खेपेला ‘कुठल्या वर्गात आहेस?’ म्हणाले. मी म्हटलं, बारावीत. मग त्यांनी विचारलं, काय चाललंय वर्गात? मी त्यांना फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट सांगितला, पलंगाच्या कडेला बसून, हातवारे करत. ते नीट ऐकत होते. मध्येच बोट वर करून म्हणाले, “पण लाल उजेड पडतोच की पत्र्यावर. इलेक्ट्रॉन निघत नाही तर त्या ऊर्जेचं काय होतं?”

किती चांगला प्रश्न होता. इतक्या वर्षांत एकाही मुलानं मला तो विचारला नव्हता.

“पत्रा तापतो, सर. उष्णता होते तिची. काही परत फिरते.”

“अच्छा,” ते म्हणाले, समाधानानं. आणि थोड्या वेळानं बोट वर केलं. “पण लाल उजेड पडतोच की पत्र्यावर...”

मी परत सांगितलं. ते परत म्हणाले, अच्छा. काकू चहा घेऊन आल्या, तोवर आमचं तेच चाललं होतं. मला कंटाळा आला नाही. त्यांना दर वेळी उत्तर नवं मिळत होतं आणि दर वेळी ते पटत होतं. काकू मात्र कप खाली ठेवून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर ते बोलणं कमी कमी होत गेलं. शेवटच्या भेटीत ते माझ्याकडं बघून फक्त हसले, पाहुण्या बाईकडं बघून हसावं तसं.

थंडीत काकूंच्या लेकीचा फोन आला. मी कॉलेजात रजा टाकली आणि मिळेल त्या एसटीनं निघाले. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी शेजारची जागा हातानं झटकली. मी बसले. त्या एवढंच म्हणाल्या, “त्रास झाला नाही. झोपेतच.” मग माझा हात हातात घेऊन बसून राहिल्या. मी त्यांना सांगितलं की ती मेंढपाळाची मुलगी आता बी.एस्सी. करतेय, फिजिक्स घेऊन. त्यांना ती कोण ते माहीत नव्हतं. मी त्या दिवसाची गोष्ट त्यांना पहिल्यांदा सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकली आणि म्हणाल्या, “घरी आले ते जेवलेच नाहीत त्या दिवशी. मला वाटलं, पोट बिघडलं.”

परतीच्या एसटीत माझ्या शेजारी नळदुर्गला उतरणारी एक म्हातारी होती, मांडीवर शेंगांची पिशवी. मी खिडकीकडं तोंड करून बसले होते, तरी तिला कळलं.

“कोन गेलं, बाई?”

“माझे सर.”

“साळंतले?”

“व्हय. कॉलेजातले.”

“काय शिकवायचे?”

मी म्हटलं, “उजेड.”

पिशवीत हात घालून तिनं मूठभर शेंगा काढल्या, माझ्या ओंजळीत ठेवल्या आणि म्हणाली, “खा. सकाळधरनं काय खाल्लं नसशील.”